अर्धी मात्रा आधी

हौसाताईंच्या घरात रेडिओ नव्हता. टीव्ही होता, पण आवाज बंद करून त्या बातम्या बघायच्या आणि बोलणाऱ्यांच्या तोंडांकडे पाहून म्हणायच्या, "हा खोटं बोलतोय बघा, मॅडम." सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या इमारतीत त्या माझ्या खालच्या मजल्यावर राहत. सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, बाळंतपणाच्या वॉर्डात सगळी नोकरी काढली आणि तिथूनच निवृत्त झाल्या. उंच, हाडाने रुंद, केस घट्ट बांधलेले. चालताना एक हात नेहमी कशाला तरी टेकलेला असायचा, जिन्याच्या कठड्याला, भिंतीला, भाजीवाल्याच्या गाडीला, आणि त्या हाताची बोटं हळूच काहीतरी मोजत असायची.

मी इथे राहायला आले त्या लग्नसराईत त्यांची पहिली ओळख झाली. कॉलेजमधून पेपर तपासून आले होते, डोकं दुखत होतं आणि मोठ्या रस्त्यावरून वरात चालली होती. बॅण्ड अजून लांब होता. ऐकू येत होता तो फक्त मोठा ढोल आणि त्याच्यामागे कुणीतरी डबे बडवल्यासारखा साईड ड्रम. हौसाताई गॅलरीत उभ्या होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवीची आरती हाय. लग्नात वाजवत्यात, नाचायला बरी पडती म्हणून."

मला तर सूर असा ऐकूच येत नव्हता. वरात चौकात आली, क्लॅरिनेट वर निघाली, आणि खरंच आरती होती; नवऱ्यामुलाचे मित्र तिच्यावर रुमाल उडवत होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ढोल कुटं थांबतो ते बघायचं," त्या म्हणाल्या. "लांबनं पयली क्लॅरिनेट मरती, मग ट्रम्पेट. ढोल तेवढा पोचतो. बॅण्डवाल्याला शब्द वाजवता येत न्हाईत. शब्द गळून पडत्यात, चाल ऱ्हाती. आन् चाल बी गळली, तर थांबायच्या जागा ऱ्हात्यात. प्रत्येक गाण्याच्या थांबायच्या जागा येगळ्या. माणूस पाठमोरं चाललं तरी वळखतो की न्हाई आपण?"

मग तो आमचा खेळच झाला. वरात आली की खालून हाक यायची, "मॅडम, या." मी गाणं ओळखायचा प्रयत्न करायचे, बहुतेक वेळा चुकायचे. त्याही चुकायच्या. एकदा त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की हा जुना अभंग आहे, दादऱ्यातला, बॅण्डने केरव्यात बसवलाय. समोर आला तो निवडणुकीतल्या एका उमेदवाराचा प्रचार. हौसाताई पदर तोंडावर धरून इतक्या हसल्या की खाली बसल्या. "चोरलाय मेल्यानं! अभंगाची चाल चोरलीया! मी न्हाई चुकले, त्यो चुकला!"

दादऱ्याची सहाची चाल केरव्याच्या आठात कशी बसवतात, हे मला त्यांनी जेवणाच्या टेबलावर वाटी आणि चमचा घेऊन शिकवलं. सहा मात्रांचं गाणं झुलतं, पाळण्यासारखं. त्यावर पाय टाकून चालता येत नाही. म्हणून बॅण्डवाले त्याचे लांब सूर आणखी लांबवतात, मध्ये ड्रमची थाप भरतात आणि आठाचा केरवा करतात. डावा-उजवा, डावा-उजवा पाय पडला पाहिजे, मागून जनरेटरचा ट्रॅक्टर येत असतो. "पण भरलेली थाप ती भरलेलीच," वाटी ठोकत त्या म्हणायच्या. "कापडाला ठिगळ लावल्यावानी. बोट फिरवलं की कळतं."

हे कान कुठून आले, असं मी एकदा विचारलं. त्यांना वाटलं मी नोकरीबद्दल विचारतेय. पूर्वी यंत्रं नव्हती तेव्हा पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायच्या. आईच्या नाडीवर बोट, कानाला बाळ. "दोन्ही एकदम ऐकायचे. पण मिसळू द्यायचे न्हाईत. मिसळले की घोटाळा."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. बॅण्ड जवळ आला की हौसाताई गाणं ऐकायचं सोडून द्यायच्या. त्या क्लॅरिनेटवाल्याच्या तोंडाकडे बघायच्या. गालफुगव्या, घामाने डबडबलेल्या, बिल्ल्यांच्या लाल कोटातल्या त्या माणसाकडे अशा बघायच्या, जसं ओळखीचं कुणी बसमधून उतरतंय का ते बघावं. तो पुढे गेला की गॅलरीचं दार लावून घ्यायच्या. त्या दिवशी मग खालून हाक यायची नाही. मी कधी विचारलं नाही. काही घरांत एक खोली असते तिचं दार आपण ढकलत नाही, तसं.

त्या आटपाडीकडच्या. घर घोंगड्या विणणारं. हे त्यांनी सांगितलं ते त्यांच्या खुर्चीवरच्या काळ्या घोंगडीमुळे. खुर्चीत दुसऱ्या कुणी बसलेलं चालायचं नाही. मी ती हातात घेतली तेव्हा म्हणाल्या, घोंगडी विणायच्या आधी लोकरीचं सूत दोन खुंट्यांमध्ये ताणून धरतात, लांबच्या लांब, अंगणभर. त्याला चिंचोक्याची खळ लावतात, म्हणजे धागा ताठ होतो. एक जण या टोकाकडून आणि एक त्या टोकाकडून कुंच्याने खळ लावत यायचं. "आमच्यात आक्का आन् मी. ती मोठी, मी ल्हान." मग त्यांनी घोंगडीची घडी माझ्या हातातून काढून घेतली आणि ती परत खुर्चीवर पसरताना तिच्या कडा नको इतका वेळ नीट करत राहिल्या.

आक्काचं पुढे काय झालं, ते मला तासगावला कळलं.

माझ्या कॉलेजमधल्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न तासगावला होतं. द्राक्षवाल्यांचं घर, दारात बेदाण्याच्या शेडच्या रांगा. मी हौसाताईंना सोबत नेलं. डीजे मिळाला नाही म्हणून की परवानगी नाकारली म्हणून, नवऱ्याकडच्यांनी साताऱ्याकडचा एक बॅण्ड आणला होता. संध्याकाळी ऊन उतरल्यावर वरात निघाली. आम्ही बायकांच्या घोळक्यात मागे होतो. दोन गाणी दणक्यात झाली. मग एका गल्लीच्या तोंडाशी पुढून कुणीतरी हात वर केला. त्या गल्लीत एका घरी मयत झाली होती, सुतक चालू होतं. बॅण्डने ते दणक्याचं गाणं मध्येच तोडलं. साईड ड्रमवाल्याने काठ्या हलक्या केल्या. क्लॅरिनेटवर एक हळू, बुटकी चाल सुरू झाली.

हौसाताईंनी माझा दंड धरला. मी चालत होते, त्या थांबल्या होत्या. त्यांच्या बोटांची पकड इतकी घट्ट होती की नंतर तिथे वळ उठले.

"काय झालं, ताई? चक्कर येतेय का?"

"ऐका," त्या म्हणाल्या. "ह्ये कुटलं गाणं?"

मला अर्थातच माहीत नव्हतं. माझ्या शेजारच्या मुलीने मोबाईल काढून हवेत धरला, त्यात गाणं ओळखायची सोय होती. मोबाईलने विचार केला आणि कुठल्यातरी परदेशी नाचाचं नाव सांगितलं. हौसाताईंनी तिकडे पाहिलंही नाही. वरात पुढे गेली, लोक आमच्या बाजूने निघून गेले, आणि त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून ओठ हलवत होत्या.

वरात मांडवापाशी पोचली. बॅण्डवाले चहा घेत पाठीमागच्या भिंतीला टेकून बसले होते. वाद्यं मांडीवर. हौसाताई सरळ त्यांच्यात गेल्या. मास्तर तरुण होता, नितीन नावाचा, क्लॅरिनेटची जिभली ओली करत बसलेला.

"मास्तर, सुतकाच्या घरापाशी काय वाजवलं?"

"ती व्हय? ती मधली," तो हसून म्हणाला. "तिला नाव न्हाई, ताई. दोन गाण्यांच्या मधी वाजवतो म्हणून मधली. दवाखाना असला, मयत असली, की ती घ्यायची. जुन्या मास्तरांपासनं हाय."

"एकदा वाजवा. ढोल नको."

अशा विनंत्या बॅण्डवाल्यांना रोज होत असतील, पण त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. नितीनने कप खाली ठेवला. त्याने चाल एकट्याने धरली, शेवटी ट्रम्पेटवाल्याने उत्तराची जोडओळ दिली.

"वर जात न्हाई बघा," हौसाताई मला म्हणाल्या. खरं तर स्वतःलाच म्हणत होत्या. "सिनेमाचं गाणं असतं तर अंतरा वर गेला असता. हे पाच सुरांतच फिरतंय. काम करताना म्हणायचं गाणं हाय हे. कामाला दम लागतो, वर जायला दम उरत न्हाई." मग नितीनला, "तुमी ओळीच्या मधीच श्वास का घेता? शेवटाला का न्हाई?"

"तसंच शिकवलंय, ताई. मलाबी आवघड जातं. पण मला शिकवणारे म्हणायचे, श्वास हितंच."

"हितं हात वळतो," त्या पुटपुटल्या. "आता ड्रम घ्या. अगदी हळू. जोडओळ संपल्यावर जी थाप भरता, ती भरू नका."

साईड ड्रमवाला नाखूश होता. "ती सोडली तर पाय आडकतो, मावशी. सातच ऱ्हात्यात."

"सातच ऱ्हाऊ द्या."

त्यांनी वाजवलं. मी संगीतातली नाही, पण त्या वाटी-चमच्याच्या शिकवण्या फुकट गेल्या नव्हत्या. मला ते ऐकू आलं. ठिगळ निघालं होतं. चालायची चाल गेली आणि दुसरंच काही उरलं, चार लांब आणि तीन आखूड, काहीतरी दूर नेऊन परत ओढून आणावं तसं. हौसाताईंचा उजवा हात छातीपासून सुटला, हवेत लांब गेला आणि झटक्याने परत आला. पुन्हा गेला. भिंतीशी बसलेले ते लाल कोटातले लोक वाजवता वाजवता त्या हाताकडे बघायला लागले.

"खळीचं गाणं हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "आमच्या घरातलं. आमच्या आजीनं केलेलं. दुसऱ्या कुणाला ठाव न्हाई."

नितीनने क्लॅरिनेट खाली घेतली. मग हौसाताईंनी ट्रम्पेटवाल्याकडे बोट केलं.

"तुमी आधी का शिरता? क्लॅरिनेटची ओळ संपली न्हाई तवर तुमी अर्धी मात्रा आधी घुसता, आन् मग तो सूर लांबवत बसता. का?"

ट्रम्पेटवाला गोंधळून नितीनकडे बघायला लागला. उत्तर आलं ते कोपऱ्यातून. तिथे युफोनियमचं मोठं पितळी वाद्य कुशीत घेऊन एक म्हातारा बसला होता, बाबूनाना म्हणत त्याला. जुन्या मास्तरांच्या वेळचा तेवढा एकच उरलेला.

"ती चूक न्हाई, ताई," तो म्हणाला. "नवीन पोरगं आलं की पयल्यांदा त्येबी हेच म्हणतं. मीबी म्हणलोवतो. पण मास्तरांच्या बाईसायबांनी सांगितलंवतं. तालमीच्या वक्ताला दारात बसायच्या त्या. एकदा मास्तरांनी ट्रम्पेट समेवर आणला, तर उठून आल्या. म्हणल्या, तसं न्हाई. ती हितं घाई करती. तिला घाई करू द्या."

"ती म्हंजे कोण?" मी विचारलं.

"कुणाला ठाव? आमी कवा इचारलं न्हाई. ती घाई करती, यवढंच."

हौसाताई खाली बसल्या. भिंतीशी, त्या बॅण्डवाल्यांच्या रांगेत, तिथल्या धुळीत. आणि मग अगदी बारीक आवाजात, म्हातारीच्या गळ्यातून पोरीचा आवाज यावा तसं त्यांनी ते गाणं म्हटलं. शब्दांसकट.

"कुटवर आलीस गं बया, कुटवर आलीस?" ही मोठीची ओळ. आणि ती पुरी व्हायच्या आत, "आले गं, आले गं आक्का." ही धाकटीची.

दोन टोकांकडून दोघी खळ लावत यायच्या. मोठीने विचारायचं, धाकटीने उत्तर द्यायचं. धाकटीला धीर नव्हता. तिला लवकर मध्यावर पोचायचं असायचं, आक्का दिसायला हवी असायची, म्हणून ती दर वेळी अर्धी मात्रा आधीच 'आले' म्हणायची. आजी ओरडायची. आक्का कधीच ओरडली नाही.

परत येताना गाडीत त्यांनी मला सगळं सांगितलं. आटपाडीत एका सावकाराच्या घरी लग्न होतं, बॅण्ड साताऱ्याकडचा आला होता. मुक्काम चार दिवस पडला. क्लॅरिनेट वाजवणारा पोरगा त्यांच्या अंगणासमोरच्या झाडाखाली सराव करायचा. लग्न उरकून बॅण्ड गेला आणि त्याच्यामागोमाग आक्का गेली. वडिलांनी तिच्या वाटणीचं सूत जाळलं. घरात तिचं नाव घ्यायची बंदी झाली, आणि गाण्याचीही, कारण ते दोघींशिवाय म्हणता येत नव्हतं. पुढे आई-वडील गेले. हौसाताई नर्सिंग शिकून सांगलीला आल्या. कुठला बॅण्ड, कोण मास्तर, काही माहीत नव्हतं. त्या पोराचं तोंड तेवढं आठवत होतं, गाल फुगलेलं.

"एवढ्या वर्सात त्ये तोंड केवडं बदललं असंल, मॅडम," त्या म्हणाल्या. "मी आपली पोराचंच तोंड हुडकत बसले."

त्यानंतर आम्ही साताऱ्याला गेलो. बाबूनानाने बोलावलं होतं. तालमीची खोली एका चढावरच्या गल्लीत होती, पत्र्याची, भिंतीवर खुंट्यांना कोट. मास्तर बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. मूलबाळ नव्हतं. बाईसाहेब म्हणजे आक्का, त्याही चार-पाच वर्षांपूर्वी गेल्या, तापाने, फार दिवस अंथरुणाला न खिळता. त्या बसायच्या ती उंबऱ्यालगतची जागा नानाने दाखवली. हौसाताई तिथे बसल्या नाहीत. हात लावून बघितला फक्त, नाडी बघतात तसा, आणि काढून घेतला.

"माहेरचं काय बोलायच्या का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई जी. कवाच न्हाई," नाना म्हणाला. "पण एक हुतं. सांगली बाजूचं लग्न आलं की आदल्या दिशी मास्तरांना सांगायच्या, मधली वाजवा. मयत असू द्या न्हाईतर नसू द्या. मिरजेला, तासगावाला, सांगलीत, गल्लीगल्लीतनं वाजवा म्हणायच्या. आमी वाजवायचो. लोक वैतागायचे, ऐन नाचात ह्ये काय रडगाणं म्हणून. माघारी आलो की दारात हुब्या. कुणी काय इचारलं का, म्हणायच्या. कोण काय इचारणार? न्हाई म्हणायचो."

मी हौसाताईंकडे बघू शकले नाही. बाहेर कुणाची तरी मोटरसायकल चढावर अडखळत होती.

"सांगलीत कुटं?" त्यांनी विचारलं.

"सगळीकडं. सिव्हिलच्या दारावरनं तर किती येळा."

"दवाखान्यापाशी बॅण्ड हळू वाजवत्यात," हौसाताई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, रिपोर्ट वाचून दाखवावा तसा. "आन् आमचा वॉर्ड मागल्या बाजूला. बाळंतीण ओरडत असती. मी नळी लावून बसलेली."

त्या दिवसानंतर त्यांची झोप गेली. जिन्यात भेटल्या तर म्हणायच्या, "अमक्या साली सुट्टीवर हुते, तवा घरीच हुते, तवा नसंल वाजली." किंवा, "एकदा वॉर्डात काम करताना हात आपोआप लांब गेलावता. तवा वाजली असंल का हो?" मी म्हणायचे, ताई, आता सोडा. त्या म्हणायच्या, "मी सोडलंय. तीच सोडत न्हाई." हाक मारणारी गेली आणि हाक तेवढी फिरत राहिली, बॅण्डच्या वाद्यांतून, दुसऱ्यांच्या लग्नांतून. आणि तिच्या आत त्यांचा स्वतःचा आवाज होता, लहानपणीचा, अर्धी मात्रा आधी 'आले' म्हणणारा. ज्या 'आले'ला त्या कधी गेल्याच नव्हत्या.

नितीन मास्तराने एकदा फोनवर विचारलं होतं, आता खरी चाल कळलीय तर ती भरलेली थाप काढू का, सातात बसवू का. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. "लोकांना चालायचं असतं," म्हणाल्या.

मग त्या साताऱ्याला जायला लागल्या. आधी महिन्यातून एकदा, सकाळच्या एसटीने. मग लग्नसराईत तिकडेच राहायला लागल्या, नानाच्या सुनेने एक खोली दिली. पुढे सांगलीचं घर बंदच झालं. फोन केला तर उचलायच्या, खुशाली सांगायच्या, मागे कुणीतरी ट्रम्पेटवर एकच सूर घासत असायचं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असंच, अचानक. पुण्याहून परत येत होते. सातारा शहरात आमची बस एका वरातीमागे अडकली. संध्याकाळ होती. ड्रायव्हर हॉर्न देत होता, प्रवासी कुरकुरत होते. वरातीचे दिवे डोक्यावर घेऊन बायका दोन्ही बाजूंनी चालत होत्या, वायरींनी एकमेकींना बांधलेल्या. बॅण्डने मधली धरली होती. रस्त्यात ना दवाखाना होता, ना मयत.

दिवेवाल्यांच्या रांगेबाहेर, कडेकडेने हौसाताई चालत होत्या. केस पूर्ण पांढरे झालेले. त्यांचं लक्ष वाजवणाऱ्यांकडे नव्हतंच. त्या वर बघत होत्या. दोन्ही बाजूंच्या घरांच्या खिडक्यांकडे, गच्च्यांकडे, गाणं ऐकून बाहेर येऊन वाकून बघणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे, कुणी काही विचारेल का अशा नजरेने.

मी खिडकीची काच सरकवली आणि जोरात हाक मारली. बॅण्डमध्ये ती कुठे ऐकू जाणार. ड्रायव्हरला वाट मिळाली, त्याने गाडी उजवीकडून काढली, आणि मी मान वळवून बघत राहिले तोवर त्या अजून वरच बघत होत्या.